बाविसावं भोक

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. पुण्याहून सकाळच्या गाडीने यायचो, पांढरा शर्ट घालायचो आणि शॉपमधली, म्हणजे यंत्रांच्या शेडमधली, माणसं मला साहेब म्हणतात याचं मला फार सुख वाटायचं. तेवीस वर्षांच्या माणसाला फुकट मिळालेलं साहेबपण किती घाणेरडं असतं हे मला पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे लोखंडी टाक्या बनायच्या. त्या वर्षी एका ऑर्डरची टाकी आडवी होती आणि तिचं तोंड अंड्याच्या आकाराचं, म्हणजे वर पसरट आणि खाली निमुळतं. रुंदी चार फूट. त्या तोंडावर बसणाऱ्या झाकणाला सगळीकडून मागे दुमडलेली कड होती आणि त्या कडेवर बाहेरून एक पोलादी पट्टी गुंडाळून बोल्टांनी आवळायची होती. पट्ट्या मुंबईच्या दुसऱ्या कारखान्यातून येणार होत्या. तिथे त्या सरळ असतानाच त्यांना दर दीड इंचावर भोकं पाडत होते. सरळ पट्टी वळवली तरी भोकांमधलं अंतर वळणाच्या अंगाने दीड इंचच राहतं. म्हणून झाकणाच्या कडेवरची भोकंही वळणाच्या अंगाने बरोबर दीड-दीड इंचावर यायला हवीत. सगळं काम एवढंच होतं.

पण हे एवढंच नसतं. वर्तुळ असतं तर कोनाचे सारखे भाग केले की झालं. या आकारात अंशाअंशाने पुढे सरकलं तर माथ्यावर बिंदू लांब लांब पडतात आणि बाजूला एकमेकांना चिकटतात. आणि दीड इंचाला कोन किती, हे थेट सांगणारं सूत्र कुणाकडेच नसतं. तेव्हा उलट्या बाजूने जावं लागतं. मी माथ्यापासून एकेका अंशाला वळणावरचा बिंदू काढला, शेजारच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढलं आणि ती इवली इवली अंतरं एकात एक मिळवत गेलो. हाताने फिरवायचं गणकयंत्र दिवसभर करकरत होतं. असा तक्ता तयार झाला की तो उलटा वाचायचा. तीन अंशाशी बेरीज १.२५६ इंच, चार अंशाशी १.६७५; मला हवेत दीड. म्हणजे जागा या दोन ओळींच्या मध्ये, अर्ध्याच्या थोडी पुढे, ३.५८ अंशांवर. त्या कोनावरून मधल्या रेषेपासूनचं आडवं-उभं माप काढायचं आणि कागदावर लिहायचं. मग तीन इंच, मग साडेचार. मला ही रीत अतिशय आवडायची. अजूनही आवडते, याचाच राग येतो.

कागदावरची मापं लोखंडावर उतरवायचं काम आखणीच्या मिस्त्रीचं. तो महाळुंग्याचा. घरची थोडी जमीन, तिच्यात कांदा, आणि भाऊ तीन, म्हणून तो सायकल मारत इथवर येऊन लोखंडावर रेघा ओढत होता. दोन वर्षं टेम्पररी होता. त्या महिन्याअखेर त्याला कायम करायचं ठरलं होतं. कायम होणं म्हणजे काय हे मला घरी वडिलांची सरकारी नोकरी असल्यामुळे नीटसं माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. ते पत्र हातात आलं की धाकट्या दोन्ही पोरांना शाळेसाठी चिंचवडला आणून ठेवणार, खोली बघून ठेवलीय, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

तक्ता घेऊन मी शॉपमध्ये गेलो तेव्हा त्याने आधी झाकणाकडे बघितलं, मग कागदाकडे.

"साहेब, एवढं कशाला? पत्र्याची बारीक पट्टी दीड-दीड इंचावर खुणा करून कडंला गुंडाळतो की. आपोआप येत्यात जागा."

रीत बरोबर होती. आज मला वाटतं, माझ्यापेक्षा बरोबर होती. पण मी म्हणालो, "मिस्त्री, इथे अंदाजपंचे चालत नाही. जिग करायचंय. आकडे दिलेत तसं आखा."

जिग म्हणजे भोकं पाडायचा जाड पोलादी साचा. तो एकदा झाला की चाळीसच्या चाळीस झाकणं त्यावरून निघणार. आणि साच्यातलं जे चुकेल ते चाळीस वेळा चुकणार.

दुपारी तो कचेरीच्या दारात उभा राहिला. पायातल्या चपला बाहेर काढून. टेबलाजवळ येऊन म्हणाला, "साहेब, एकवीस आन् बावीस नंबरच्या भोकांमधलं घर आखूड वाटतंय. कंपास लावून बघितलं. बाकी समदी घरं सारखी हायेत, त्येच तेवढं कमी भरतंय. बगता का जरा?"

मी माझ्या खुर्चीतून उठलो नाही. मला उत्तर तयार होतं आणि ते ऐकायला फार विद्वान होतं. "कंपास सरळ अंतर मोजतो, मिस्त्री. आपण वळणावरून मोजतोय. तिथे वळण घट्ट आहे, मग सरळ अंतर कमी दिसणारच."

"व्हय का," तो म्हणाला. "पन शेजारचं घर तर त्याच वळणावर हाय."

"दिलंय तसं आखा."

तो गेला. माझं उत्तर खोटं नव्हतं, आणि तोच त्या उत्तराचा दुष्टपणा. वळणावर सरळ अंतर कमी भरतं खरं, पण त्या ठिकाणी किती? केसाच्या जाडीहूनही कमी. कंपासाच्या टोकाला ते कळूच शकत नाही. मिस्त्रीच्या कंपासाला कळलं ते अर्धं सूत होतं, इंचाचा सोळावा भाग. मी माझा तक्ता पेन्सिल घेऊन दोन मिनिटं तपासला असता तरी हे दिसलं असतं. मला तो दारातून लवकर जावा एवढंच हवं होतं.

झाकणं निघाली. मुंबईहून पट्ट्या आल्या. पहिली पट्टी माथ्यापासून बसवायला घेतली. एकविसाव्या भोकापर्यंत बोल्ट हातानेच आत गेले. बाविसावा जाईना. तेविसावा जाईना. तिथून खाली तळापर्यंत दोन्ही बाजूंना एकही गेला नाही. चाळीस झाकणं.

मी कचेरीत येऊन तक्ता काढला. चूक शोधायला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या पानाच्या शेवटी बेरीज होती ३१.६१८. तिसऱ्या पानाच्या माथ्यावर ती पुढे नेताना मी ३१.६८१ लिहिली होती. पुढची प्रत्येक ओळ तेवढ्याने फुगली, म्हणून पुढचं प्रत्येक भोक तेवढं अलीकडे आलं. त्यांची आपापसातली अंतरं बरोबर. चुकलेलं घर एकच, एकवीस आणि बावीसच्या मधलं. मिस्त्रीने ज्यावर बोट ठेवलं होतं तेच.

तक्ता घेऊन मी मुख्य ड्राफ्ट्समनकडे गेलो. निदान तेवढं केलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे बघितले, पान उलटलं, परत बघितलं.

"अजून कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. नवा तक्ता करा. जुनीच तारीख घाला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "अहो, चाळीस झाकणांची जबाबदारी कचेरीवर आली तर तुम्ही जाल आणि मलाही ओढाल. शॉपमध्ये चुका होतात. त्यांना दुसरीकडे काम मिळतं. तुमचं काय?"

काम संपलं की शॉपला दिलेला मापांचा कागद कचेरीत जमा करायचा असा नियम होता. मिस्त्रीने तो नेहमीसारखा व्यवस्थित घडी घालून जमा केला होता. तो कुठे गेला ते मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी नवा तक्ता केला. अक्षर सुरेख आलं, एक खाडाखोड नाही.

चौकशी अर्ध्या तासात आटोपली. मॅनेजरसाहेबांनी नवा कागद जिगवर धरला. पहिली एकवीस जुळली, पुढची जुळली नाहीत. मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "कागदावर हुतं तसंच आखलंय, साहेब." कागद त्याच्यासमोर धरला. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. आरोप करणारं बघणं नव्हतं ते. मी काहीतरी सांगेन, समजावून देईन, अशा आशेने बघत होता. मी कागदाच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत राहिलो.

त्याला कायम केलं नाही. महिनाअखेर हिशेब करून मोकळं केलं. मला वर्षभरात बढती मिळाली, आणि ती मी नाकारली नाही हेही सांगून टाकतो. पश्चात्ताप झाला, रात्र रात्र झोप आली नाही, असलं काही मी लिहिणार नाही. झोप येत होती. आपल्यासारखी माणसं व्यवस्थित झोपतात.

जायच्या दिवशी तो कचेरीत आला. चपला बाहेर काढून. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल. मनातून मला तेच हवं होतं. त्याने शिवी दिली असती तर मी त्याच्यावर चिडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

"साहेब, राग न्हाई. फक्त येक सांगा. चाकणला दुसऱ्या शेडमध्ये इचारलंय कामाचं. तितं बी आखणीच करायची. माझं चुकलं कुटं तेवढं दाखवा, म्हंजी पुन्ना व्हणार न्हाई."

नवा तक्ता माझ्यासमोरच होता. मी बोटाने दाखवलं. म्हणालो, पान बदलताना ओळ चुकली असेल, वरचा आकडा खाली वाचला गेला असेल. त्याने मान डोलावली. वाकून ती जागा नीट बघितली, ओठ हलवत आकडे वाचले.

"आन् त्ये घर? मी तुमास्नी इचाराया आलो हुतो बगा. मला त्ये आखूड दिसलं हुतं."

मी तक्त्याची घडी घालू लागलो.

"मंजी त्ये बी खोटंच दिसलं," तो स्वतःशीच म्हणाला. "वाचलं ते बी चुकीचं, बगितलं ते बी चुकीचं. डोळं गेलं म्हनायचं माझं." मग माझ्याकडे वळला. "मंग आखणीचं काम कसं मागू, साहेब? चाकणवाल्यास्नी न्हाईच सांगतो. दुसऱ्याची झाकणं कशाला खराब करू?"

एवढंच म्हणायला हवं होतं की तुझे डोळे उत्तम आहेत. त्यासाठी तक्त्याबद्दल एक अक्षरही सांगावं लागलं नसतं. माझी नोकरी गेली नसती, कुणाचंच काही गेलं नसतं.

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, मिस्त्री."

त्याने हात जोडले आणि तो गेला. त्याला तेव्हा चाळिशीही लागलेली नव्हती.