अठ्ठावीस मिनिटांची खोली

आमचं हॉटेल चाळीस खोल्यांचं, महादेवपुऱ्यात, आयटी पार्कच्या मागच्या रस्त्याला. चार मजले, मजल्यावर दहा खोल्या. पाहुणे बहुतेक कंपन्यांचे. सोमवारी येतात, गुरुवारी-शुक्रवारी जातात. मी तिथे हाउसकीपिंगची प्रमुख म्हणून लागले तेव्हा पुण्याहून या कानडी शहरात येऊन मला सहाच महिने झाले होते. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलो होतो, आणि ही नोकरी मला मिळाली ती सहा महिन्यांच्या चाचणीवर, जमलं तरच कायम.

सकाळच्या पाळीला खोल्या करायला चार बायका असायच्या, मजल्यामागे एक. त्यातल्या तिघींशी मी मोडक्या हिंदीत बोलायचे. चौथी निपाणीकडची. पंचेचाळिशीची, बारीक अंगाची, हातात काचेच्या दोन-दोन हिरव्या बांगड्या. पहिल्याच दिवशी चादरी-टॉवेलांच्या लिनन रूममध्ये माझं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि ती म्हणाली, "मॅडम, तुमी मराठी हाय व्हय? मग बरं झालं की." त्यानंतर मी तिला अक्का म्हणायला लागले. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची. दोघीच असलो की कधी कधी 'बाळ' निघून जायचं तिच्या तोंडून.

घरी नवरा दिवसभर कॉलवर. मराठी बोलायला मला अक्काच होती. दुपारी चादरी मोजताना मी तिला सगळं सांगायचे, चाचणीचे सहा महिने धरून.

तिसऱ्या महिन्यात मॅनेजरनं मला बोलावलं. तो काही वाईट माणूस नव्हता. वरून मालकाचा तगादा होता. म्हणाला, "आपल्याकडे साफसफाईचं काहीच लेखी नाही. एका खोलीला किती वेळ लागतो, काय काय झालं म्हणजे खोली झाली म्हणायची, कशावरून नापास करायची, हे सगळं मला कागदावर पाहिजे. पंधरा दिवसांत."

तपासणीची यादी मी मन लावून केली. दार ठोठावून आत जाण्यापासून शेवटी दारातून एकदा मागे वळून बघण्यापर्यंत, चौतीस मुद्दे. आधी पडदे उघडायचे, दिवे आणि एसी चालतात का बघायचं, कचरा आणि वापरलेल्या चादरी बाहेर. मग बाथरूममध्ये जंतुनाशक मारून ठेवायचं आणि ते मुरेपर्यंत बाहेर येऊन पलंग करायचा. कमोडला लाल फडकं, बेसिनला पिवळं, लाकडी सामानाला निळं, एकाचं दुसरीकडे चालणार नाही. धूळ दारापासून सुरू करून भिंतीभिंतीनं खोलीभर पुसत पुन्हा दारापर्यंत. व्हॅक्युम खिडकीकडून दाराकडे. यातल्या पाच मुद्द्यांपुढे मी तांबड्या पेनानं खूण केली. पाचांतलं एकही चुकलं तर बाकी खोली कितीही चांगली असली तरी नापास, आणि त्या बाईला लेखी समज. त्यातला एक मुद्दा पाण्याच्या ग्लासांचा होता. वापरलेले ग्लास धुवायला खाली पँट्रीत जायचे आणि तिथून आलेले स्वच्छ ग्लासच खोलीत ठेवायचे. बाथरूममध्ये ग्लास विसळायचा नाही.

राहिला वेळ. त्यासाठी कुणीतरी खोली करत असताना घड्याळ लावून बघायला हवं होतं. मी अक्काला निवडलं. भाषा सोपी पडेल हे एक, आणि ती सगळ्यांत चपळ होती हे दुसरं. त्या सकाळी तिच्यामागे दारात उभी राहून मी म्हणाले, "अक्का, आकडा जरा चांगला निघाला तर माझंही बरं होईल."

ती हसली. "सरी, बरं. बघा तुमी."

मी चार खोल्या मोजल्या. दोन पाहुणा सोडून गेलेल्या, दोन पाहुणा राहत असलेल्या. गेलेल्या खोल्यांना सत्तावीस आणि एकोणतीस मिनिटं लागली. राहत्या खोल्यांना सतरा आणि एकोणीस. तिचे हात चालताना बघत राहावेत असेच होते. चादर एकदा झटकली की चारही कोपऱ्यांवर बसायची. यादीतलं एकही काम तिनं गाळलं नाही. चौथ्या खोलीनंतर ती पलंगाची कड धरून क्षणभर उभी राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काय न्हाई. लई दिसानं पळालो."

त्या चारही खोल्या सर्व्हिस लिफ्टच्या जवळच्या होत्या. ट्रॉली सकाळी भरून तयार होती. पाळीच्या पहिल्या दोन तासांतलं काम होतं ते. हे सगळं मला दिसत होतं. मी कागदावर लिहिलं : गेलेली खोली अठ्ठावीस मिनिटं, राहती खोली अठरा.

मॅनेजरनं गणित माझ्यासमोरच केलं. आठ तासांतून जेवण, चहा, सकाळच्या सूचना आणि ट्रॉली भरणं वजा केलं की एका बाईची चारशे पाच मिनिटं उरतात. रोज साधारण तीस खोल्या भरलेल्या. त्यातल्या बारा सोडलेल्या, अठरा राहत्या. एकूण सहाशे साठ मिनिटं. "म्हणजे दोघी पुरतात," तो म्हणाला. "चाळीसच्या चाळीस भरल्या तर तिसरी बोलवू." मला वाटलं होतं चाराच्या तीन होतील. मी तसं म्हणालेही, पण कागद माझा होता आणि त्यावर सही माझी होती.

पुढच्या महिन्यापासून एकीला संध्याकाळच्या पाळीला टाकलं, एकीला खाली लॉबी आणि जिने पुसायला. सकाळी अक्का धरून दोघी, वाट्याला पंधरा-पंधरा खोल्या. पाच-सहा खोल्यांपर्यंत दोघी वेळेत असायच्या. नंतर मागे पडायच्या. लिफ्ट यायची नाही, पाहुणा दार उघडून जास्तीचा टॉवेल मागायचा, कुणाच्या बाथरूममध्ये केसांचा रंग सांडलेला असायचा. त्यासाठी माझ्या कागदावर एक मिनिटही नव्हतं. दुपारी दोनला नव्या पाहुण्यांना खोल्या तयार पाहिजेत, म्हणून रिसेप्शनवरून मला फोन, माझा त्यांना फोन.

अठ्ठावीस हा आकडा कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टाफ रूममध्ये पूर्वी चौघी डबे एकत्र उघडायच्या. एके दिवशी मी गेले तर तिघी एका बाजूला बसल्या होत्या आणि अक्का चादरींच्या गाठोड्यावर बसून एकटी भाकरी खात होती. संध्याकाळच्या पाळीला गेलेली बाई त्या दिवशी सकाळीच आली होती. ती मला ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाली, "हिनं धावून दाखवलं, आता आम्ही सगळ्यांनी धावायचं." अक्कानं मान वर केली नाही. मी आले तशी परत फिरले. धाव म्हणून मी सांगितलं होतं, हे तिथे बोलायला हवं होतं. माझी चाचणी संपायला तेव्हा पाच आठवडे होते.

मग तो मंगळवार आला. आठवड्यातून एकदा मॅनेजर माझ्याबरोबर कुठल्याही तीन खोल्या तपासायचा. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली अक्कानं नुकतीच पूर्ण केली होती. पलंग चोख, पलंगाखाली काही नाही, आरशावर डाग नाही, बाथरूमच्या जाळीत केस नाही. मी एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण करत होते. मॅनेजरनं मिनीबारवरचा ग्लास उचलून खिडकीकडे धरला. आत पाण्याचे थेंब होते आणि काठाला पांढऱ्या सुताचा बारीक धागा चिकटला होता. त्यानं ग्लास माझ्या हातात दिला आणि तो निघून गेला.

अक्का पुढच्या खोलीत होती. मी ग्लास तिच्यासमोर धरला.

"हा कुठे धुतलास?"

ती उगाच खोटं बोलली नाही. "बेसिनमधी. अन् वापरलेल्या टावेलनं पुसलो."

"अक्का, तांबडी खूण आहे त्याला. तुला माहीत होतं ना?"

"म्हाईत हाय. पँट्रीत जाऊन याय सात मिनिटं लागत्यात. लिफ्ट न्हाई आली तर दहा." ती उशीला अभ्रा घालतच होती. "बाकीचं सगळं केलोय बघा. पलंग चुकवाय येत न्हाई, दिसतोय. कमोड चुकवाय येत न्हाई. मग ह्ये चुकवलो."

"मला सांगायचं तरी."

तेव्हा तिनं उशी खाली ठेवली. "काय सांगू, बाळ? तुझं काम ऱ्हावं म्हणून पळालो. आता पुरत न्हाई म्हणून कुटल्या तोंडानं सांगू?"

मी तिला लेखी समज दिली. नियम माझाच होता आणि ग्लासाचा नियम बरोबरच होता. घाणेरड्या टॉवेलनं पुसलेल्या ग्लासातून कुणीतरी पाणी पिणार होतं. ती कागदावर कन्नडमध्ये सही करायची. सही केली, पेन बंद करून मला परत दिलं. शनिवारी ती आली नाही. सोमवारी तिची मुलगी गणवेश धुऊन, इस्त्री करून, गेटवरच्या वॉचमनकडे देऊन गेली.

माझी चाचणी पार पडली. कायम झाल्याचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मी मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, माझे आकडे चुकलेत. त्याला वाटलं मी बाई गेली म्हणून हळवी झालेय. मी म्हणाले, मी स्वतः एक पाळी करून दाखवते. बुधवारी गणवेश घालून मी तेरा खोल्या केल्या, यादीतलं एकही काम न गाळता, प्रत्येक दारावर वेळ लिहून. पहिली सोडलेली खोली तेहतीस मिनिटांत झाली. दहावीला एकावन्न लागली. तेराव्या खोलीत पलंगाचा कोपरा उचलताना माझा खांदा भरून आला आणि मी तिथेच खाली बसले. अक्का रोज पंधरा करत होती.

मग मी उरलेल्या तिघींना आळीपाळीनं खोल्यांवर लावून त्यांच्या वेळा आठवडाभर मोजल्या, पूर्ण पाळीच्या, लिफ्टची वाट आणि पाहुण्यांच्या मागण्या धरून. सगळ्यांची सरासरी काढली, वर दमण्याची सूट दिली. सोडलेली खोली चाळीस मिनिटं, राहती पंचवीस. तीस खोल्यांना नऊशे तीस मिनिटं, म्हणजे तिघी. चाळीस भरल्या तर चौघी. मॅनेजरनं दोन दिवस कागद ठेवून घेतला. त्या महिन्यात पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या, त्याचाही उपयोग झाला असेल. त्यानं सही केली. आजही आमच्याकडे तोच तक्ता चालतो, आणि ग्लासांचा जादा संच आता प्रत्येक मजल्यावर ठेवलेला असतो. तो तेव्हाच ठेवता आला असता.

सही झाल्या दिवशी मी अक्काला फोन केला. वेळ बदलल्याचं सांगितलं. परत ये म्हणाले.

"चांगलं झालं की," ती म्हणाली. "त्या पोरींना बरं पडंल."

"तू ये ना."

"न्हाई ओ मॅडम. उजवा हात वर जाईना झालाय. डॉक्टर म्हणतोय स्वल्प दिवस काम करू नगा." फोनवर आम्ही दोघीच होतो, तरी ती मॅडम म्हणाली.

वेळ मोजायच्या त्या सकाळी मी चांगल्या आकड्याचं बोलायला नको होतं, हे मी तिला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं काम पक्कं झालं न्हवं?"

मी हो म्हणाले.

"मग झालं तर."

नंतर दोनदा फोन केला. एकदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा तिच्या मुलीनं उचलला, आई झोपलीय म्हणाली. दुपारचे साडेतीन वाजले होते. मागे कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता आणि अक्का कुणाला तरी कन्नडमध्ये काही सांगत होती. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.