कामणच्या जिन्याची उंची

प्रमोदिनी चुरी यांचं कुटुंब उमेळे गावचं. सासऱ्यांची केळीची वाडी अर्धी बिल्डिंगखाली गेली. उरलेल्या अर्ध्या वाडीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड आहे आणि तिच्यात गेली बावीस वर्षं प्रमोदिनीताई लोखंडी जिने बनवतात. आधी खिडक्यांचे गज नि फाटकं करायच्या. एकदा एका दवाखान्याच्या गच्चीवर जाणारा जिना केला, तो लोकांना आवडला, आणि पुढे जिनेच येत राहिले. यजमान विद्याधर शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून घरचा स्वयंपाक त्यांच्याकडे असतो आणि बाईंच्या कामाची काळजीही तेच करतात.

त्या डिसेंबरात प्रमोदिनीताईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. पंचवीस-तीस फुटांच्या शिड्यांवर आयुष्यभर चढउतार केलेली ही बाई पडली ती वाडीतल्या सपाट जमिनीवर, केळीच्या खुंटाच्या ओल्या सालीवरून, सोपटावरून घसरून. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी काळजी दाखवायचा आणि मग हसायचा. त्याही हसायच्या. दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून त्या काम बघत. काम करायला सॅन्टन होता. पन्नाशीचा, अबोल, वेल्डिंगमध्ये त्यांच्या तोडीचा.

अशात एका गुरुवारी सकाळी कामणहून नीलेशचा फोन आला. तिथल्या एका गोदामाचा तो सुपरवायझर. आधी त्याच्याकडे दोन-तीन कामं झाली होती. गोदामात पोटमाळा होता, त्यावर बायका बसून पार्सलं बांधायच्या. वर जाणारा जिना पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याने गंजला होता, तो बदलायचा होता. आठवडाभर गोदाम बंद ठेवता येत नाही, म्हणून जुना काढून नवा बसवायचं काम एका रविवारीच व्हायला हवं, आणि तोही हाच रविवार, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे जिना शनिवारपर्यंत तयार हवा. माप घ्यायला कामणला जायचं तर प्लास्टर घालून त्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाणार कोण? सॅन्टनला पाठवलं तर इथला दिवस वाया. प्रमोदिनीताईंनी नीलेशला सांगितलं, "जिन्याचा समोरून एक फोटो पाठव. खालच्या जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत सगळा आला पाहिजे. आणि कुणाला तरी टेप घेऊन एका पायरीची उंची मोजायला सांग."

फोटो आला. सोबत मूळ नकाशाचाही फोटो होता. नकाशात जमिनीपासून पोटमाळ्यापर्यंतची उंची बारा फूट एक इंच लिहिली होती. नीलेशने खाली लिहिलं होतं, पायऱ्या अठरा.

विद्याधररावांना वाटलं, फोटोवर पट्टी ठेवून मापायचं असणार. त्यांनी कंपासपेटीतली पट्टीसुद्धा आणून दिली. बाईंनी ती परत केली. फोटोत जवळचं मोठं दिसतं नि लांबचं लहान, तिथे पट्टीचा काही उपयोग नाही, असं त्यांनी समजावलं. मोजणी मात्र फोटोत खोटी पडत नाही. पायरी लहान दिसो की मोठी, ती एकच असते. एकीची खरी उंची कळली आणि एकूण किती वेळा चढायचं ते कळलं, की गुणाकार करायचा.

त्यांनी फोटो मोठा करून बोटाने पायऱ्या मोजल्या. नीलेशच्या अठरा बरोबर होत्या, पण मधला चौक त्याने धरला नव्हता. चौक म्हणजे रुंद पायरीच, त्यावरही पाय उचलूनच जावं लागतं. तो धरून एकोणीस. आणि शेवटच्या पायरीवरून पोटमाळ्याच्या मजल्यावर जाताना आणखी एक चढ. म्हणजे पाय उचलायचा वीस वेळा.

तेवढ्यात एका मुलीचा फोन आला. आपण सलोनी, वरच्या पॅकिंगला असते, नीलेश सरांनी टेप दिलाय, असं ती म्हणाली. तिने सांगितलेलं माप होतं पावणेसहा इंच.

प्रमोदिनीताईंनी मनातल्या मनात वीसने गुणलं. नऊ फूट सात इंच. नकाशापेक्षा अडीच फूट कमी. इतका बुटका पोटमाळा असता तर खाली ट्रकमधून उतरलेला माल रचताच आला नसता. त्यांनी सलोनीला विचारलं की टेप कुठून कुठे धरला. पायरीच्या पत्र्याची पुढची कड दीड इंच खाली वाकवलेली होती, आणि सलोनीने खालच्या पायरीच्या माथ्यापासून त्या वाकवलेल्या कडेपर्यंतची मोकळी जागा मोजली होती.

"मोकळी जागा नको," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "पाय ठेवतेस तिथपासून पुढचा पाय ठेवतेस तिथपर्यंत. माथ्यापासून माथ्यापर्यंत. आणि जिन्याच्या मधली कुठलीतरी पायरी घे."

सलोनीने पुन्हा मोजलं. सव्वासात. गुणिले वीस, एकशे पंचेचाळीस इंच, म्हणजे बरोबर बारा फूट एक इंच. नकाशाशी सूतभरही फरक नाही. नीलेश खूश झाला. विद्याधररावांनी तर चहा ठेवला. प्रमोदिनीताईंनी सॅन्टनला पायऱ्या धरणाऱ्या बाजूच्या दोन लोखंडी चॅनलांवर खुणा करायला सांगितलं.

चहा पिता पिता त्या फोटो पुन्हा बघत होत्या. काही शोधत नव्हत्या. नवीन जिन्याला कठडा कसा द्यावा एवढाच विचार होता. बघता बघता त्यांचा कप थांबला. फोटो जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून काढलेला. वरच्या पायऱ्या बारीक होत गेलेल्या, खाली येता येता मोठ्या. पण सर्वांत खालची, कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळची पायरी जमिनीपासून जेमतेम उचललेली दिसत होती. जी सगळ्यांत मोठी दिसायला हवी तीच सगळ्यांत लहान.

त्यांनी सॅन्टनला एवढ्यात कटर लावू नको म्हणून सांगितलं आणि सलोनीला फोन लावला. जमिनीपासून पहिल्या पायरीच्या माथ्यापर्यंतचं माप घे म्हणाल्या.

"सव्वातीन इंच, काकू," सलोनी म्हणाली. आणि पुढे, "ती पायरी सगळ्यांनाच लागते."

मग तिने जे सांगितलं ते प्रमोदिनीताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. उतरताना पाय आपोआप सवयीने पडत येतो, आणि शेवटी जमीन अचानक लवकर येते. गुडघ्याला धक्का बसतो, तोल जातो. नवीन मुलगी आली की तिला पहिल्या दिवशीच सांगून ठेवतात. तरी महिन्यापूर्वी पापडी गावची कॅरल, चौदा वर्षं पॅकिंगला असलेली, हातात खोका घेऊन उतरताना पडली नि मनगट मोडलं. मोबाईलमध्ये बघत असणार, असं वर ऑफिसात ठरलं. तिच्या हातात खोका होता, मोबाईल कुठून असेल, असं सलोनीने विचारलं होतं, पण तिचं कुणी ऐकलं नाही. कॅरल अजून घरीच होती. तिला परत घ्यायचं की नाही यावर बोलणं चालू होतं.

प्रमोदिनीताईंनी कागदावर हिशेब पुन्हा मांडला. सव्वासात गुणिले एकोणीस, एकशे पावणेअडतीस. त्यात खालचे सव्वातीन. एकशे एक्केचाळीस इंच, अकरा फूट नऊ. नकाशापेक्षा चार इंच कमी. चार इंच काही आकाशात जात नाहीत. जमीन वर आली असणार.

नीलेशला त्यांनी तेवढंच विचारलं, की जिना बसवल्यानंतर खाली काही काम झालं का. तो आधी नाही म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. दोन वर्षांपूर्वी जुनी जमीन उखडली होती, ट्रॉल्या अडकायच्या, म्हणून तिच्यावर काँक्रीटचा नवा थर घातला होता. किती जाड? चार इंच. जिना तसाच ठेवून त्याच्याभोवती ओतलं होतं.

"नीलेश, तुझ्या गोदामात कुणी मोबाईलमुळे पडलेलं नाही," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "पहिली पायरी चार इंच जमिनीत गाडली गेलीय. मी तुला फोटो परत पाठवते, खालच्या दोन पायऱ्यांवर गोल करून. तो ऑफिसात दाखव."

 मग नीलेश म्हणाला, की तो थर त्याने स्वतः उभं राहून घालून घेतला होता.

"मग तूच सांगितलेलं बरं," त्या म्हणाल्या.

सॅन्टनचं म्हणणं सरळ होतं. नकाशाप्रमाणे करून नेऊ आणि चार इंच जास्त झाले तर खालून कापू. बाईंनी मान हलवली. खालून कापलं की पहिली पायरी पुन्हा खुजी, म्हणजे जुनंच दुखणं नव्या लोखंडात. चढ वीसच ठेवायचे, पण सगळे सारखे. एकशे एक्केचाळीस इंचांचे साडेतीन मीटरच्या वर एक्क्याऐंशी मिलीमीटर होतात. वीसने भागून दर पायरीला एकशे एकोणऐंशी. एखादा मिलीमीटर उरतो, तो बुडाखाली पातळ पट्टी सरकवून भरता येतो. सॅन्टनने आधीच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या आणि नव्या मारल्या. दोन दिवस शेडमध्ये ठिणग्याच ठिणग्या.

रविवारी प्रमोदिनीताई हट्टाने गेल्या. विद्याधररावांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी नावं ठेवली. गोदामात खुर्ची मांडून त्या बसल्या. जुना जिना निघाला तेव्हा त्याचे पाय काँक्रीटमधून कापूनच काढावे लागले. नवा दोरखंडाने उचलून उभा केला, वर बोल्ट लावले. खाली पट्टी सरकवण्यापुरती फट राहिली. सॅन्टन लेव्हल लावून पाहून आला आणि नुसती मान डोलावली. त्याच्याकडून एवढं कौतुक वर्षातून एकदा मिळायचं.

सलोनी सुट्टीचा दिवस असून आली होती. तिच्याबरोबर कॅरलही होती, डाव्या मनगटाला पट्टा. नीलेशने तिला शुक्रवारी फोन केला होता. ऑफिसात त्याने काय सांगितलं ते प्रमोदिनीताईंना कधीच पूर्ण कळलं नाही, पण सोमवारपासून ये, खोके उचलू नकोस, याद्या तपास, असं त्याने कॅरलला कळवलं होतं. समोर आल्यावर तो "कॅरलताई, चूक माझी होती," एवढंच म्हणाला. महिनाभर नवऱ्याने घरी भांडी घासलीत, आता आठवडाभर माझे खोके तू उचल, असं काहीतरी कॅरल म्हणाली, त्यावर सलोनी हसली.

मग कॅरल कठडा धरून वर गेली. वरून तिने पोटमाळ्यावर एक चक्कर मारल्याचा आवाज आला. आपली जागा बघत असावी. उतरताना तिने कठडा सोडून दिला होता. शेवटच्या पायरीला ती नकळत किंचित थबकली, गुडघा आधीच सावरून धरला. पण जमीन तिच्या वेळेलाच आली. ती खाली उभी राहिली, वळली, आणि पुन्हा वर चढू लागली. या वेळी भराभर.

प्रमोदिनीताईंना उठून बघायचं होतं. विद्याधररावांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि डब्यातलं थालीपीठ पुढे केलं.