बकरीची मालिका

थोरल्या दिरांनी रिमोट मागितला, तर शिंपीणबाईंनी तो मांडीखाली सरकवला.

"आठ वर्षांची पोर खालच्या ओळी वाचून परभाषेतली मालिका बघणार? डब केलेली लाव!"

"मुळीच नाही, भाऊजी. वाचेल ती."

काल दिरांच्या आवडत्या पोलिसी मालिकेत ओळ अर्धी वाचेपर्यंत गायब व्हायची आणि लेक रडकुंडीला आली होती. म्हणून आज शिंपीणबाईंनी कुंभार आणि त्याच्या आगाऊ बकरीची मालिका निवडली. तिच्यात बोलणं मोजकं, ओळी छोट्या आणि पडद्यावर निवांत थांबणाऱ्या.

"यात काय राम आहे?" दीर कुरकुरले.

तेवढ्यात कुंभाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत लेक खो-खो हसली.

"काय म्हणाला गं तो?" दिरांनी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता लेक म्हणाली, "खाली लिहिलंय, काका. वाचा की!"