शाबूत सील आणि घरचा मुलगा

गोदामाच्या गेटवर गाड्या तपासणाऱ्या बाईंना सगळे टॉर्चबाई म्हणत, कारण भर दुपारीही त्या टॉर्च मारूनच कंटेनरचं दार बघत. बावीस वर्षांत त्यांनी पाच सुरक्षा अधिकारी पाहिले आणि पाचही ओवाळून टाकलेले. सध्याचे साहेब म्हणजे गळ्यात शिट्टी घातलेलं बुजगावणं. अर्थात, बुजगावण्याला निदान पाखरं तरी भितात.

त्या दिवशी सकाळी इथून निघालेल्या औषधांच्या गाडीत गिऱ्हाइकाकडे एकोणीस खोकी कमी भरली. रिकामी गाडी परत आली, ती मुकादमाचा गळा कापायलाच. साहेबांचं गणित सरळ होतं.

"सील शाबूत होतं, नंबर चलनाशी जुळला. म्हणजे माल इथेच कमी भरला. मुकादम, उद्यापासून येऊ नका."

"मी मोजून भरलाय, साहेब." मुकादम पुढे आला. निवृत्तीला त्याची दोनच वर्षं उरली होती.

टॉर्चबाईंचं मुकादमाशी कधी पटलं नव्हतं. पण बिनडोकपणा त्यांना त्याच्याहून जास्त खुपे. त्या दारापाशी गेल्या आणि सील ज्या कडीत अडकवतात, त्या कडीच्या रिव्हेटवर नख ओढलं. नखाला ओला रंग लागला.

"सकाळी मी वहीत लिहिलंय, रिव्हेट गंजलेले. चार तासांत नवे कसे झाले? रिव्हेट काढून कडी सुटी केली, दार उघडलं, आणि नवे ठोकून रंग फासला. सील आपलं तस्संच लटकत राहिलं. नंबर काय, माझी नातही वाचते, साहेब."

साहेबांनी शिट्टी चाचपली.

"आणि ड्रायव्हरने गाडी ठरला रस्ता सोडून बंद खाणीपाशी चाळीस मिनिटं उभी केली होती. तुमच्याच जीपीएसच्या स्क्रीनवर दिसतंय."

"पोरगं जेवायला थांबलं असेल."

"खाणीत?"

बाईंनी गेटवरच्या कपाटातून ड्रायव्हरची फाइल काढली. 'मागच्या मालकाकडे चौकशी' या रकान्यात साहेबांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: घरचा मुलगा. साहेबांच्या साडूचा मुलगा, त्याला काय विचारायचं? बाईंनी तिथूनच मागच्या मालकाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तो होय?" पलीकडचा माणूस हसला. "टाकीतलं डिझेल काढून विकायचा. हाकलला. तुम्ही ठेवलात? धन्य आहे."

साहेब हळूच म्हणाले, "बाई, मी घरात बोलतो. हे एवढ्यावरच राहू दे."

"घरात जरूर बोला. गाडी आत घेतानाच मला रिव्हेट दिसले; आपल्या मालकांना तेव्हाच कळवलंय, पोलीस निघालेत. तोवर दाराला हात लावू नका. ठसे घ्यायचे असतात, एवढं तरी ठाऊक असेल."

ड्रायव्हर गाडीच्या केबिनमध्ये मोबाइल चाळत बसला होता. गेटचा दांडा खाली होता आणि त्याच्या कुलपाची किल्ली बाईंच्या कमरेला. मुकादमाने एक स्टूल ओढलं आणि तो कंटेनरच्या दाराकडे तोंड करून ठाण मांडून बसला. बाईंनी न विचारताच त्याच्या हातात टॉर्च दिला.