ताट मीच धरणार

आरतीच्या वेळी घरात पाहुणा असला की माझ्या डोक्याला ताप होतो. खरं तर त्याला काम किती? उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, येत असेल ते म्हणायचं आणि येत नसेल तर गप्प हात जोडायचे. शेवटी ज्योतीवरून दोन्ही तळहात फिरवून डोळ्यांना लावायचे आणि मागच्याला जागा द्यायची. पण नाही! पाहुण्याला मदत करायची असते.

ह्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणते. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता अशी रेघ ओढायचे की खालचा माणूस मान वाकडी करून खोट शोधायचा आणि गप निघून जायचा. मग उजव्या हाताला थरथर सुटली. काम गेलं, ब्रश माळ्यावर गेले. चहाचा कप मी अर्धाच भरते, त्यावरूनही आमची रोज जुंपते. हक्काचं काम एकच उरलं, संध्याकाळची आरती.

ही थरथर मोठी खट्याळ. हात स्वस्थ असला की जोर धरते, कामाला लागला की दबते. म्हणून ह्यांनी स्वतःची रीत बसवली. निरांजनात तेल नाही, घट्ट तुपातली फुलवात. निरांजन घसरू नये म्हणून त्याखाली ताटात मूठभर तांदूळ. डाव्या हातात घंटा, उजव्या हातात ताट. देवाच्या पायांपासून वर मुखापर्यंत, डावीकडून उजवीकडे, संथ ओवाळायचं, पण थांबायचं नाही. कापूर आधी पेटवला तर मधेच संपतो, म्हणून तो अगदी शेवटी, आणि तो मी पेटवते. मग ताट पाटावर ठेवायचं, भोवती पळीभर पाणी फिरवायचं आणि ज्याने त्याने पुढे येऊन आरती घ्यायची. हातात ताट धरून माणसामाणसापुढे थांबणं ह्यांनी बंदच केलं होतं.

परवा ह्यांची थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे भावजी, आले. सकाळीच ह्यांनी मला बजावलं, "आज ताट मीच धरणार. ताईला बघू दे, हात अजून मेलेला नाही माझा."

मी नणंदबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, आरती चालू असताना त्यांना हात लावू नका हं. फिरता हात बरा असतो, थांबला की बिघडतो."

"मला काय सांगतेस? कडेवर खेळवलाय मी त्याला!"

दिवेलागणीला आरती सुरू झाली. भावजी सोफ्यावर पसरले होते. मी डोळे वटारले तेव्हा उठले, आणि टाळ्या वाजवायच्या सोडून मोबाइल काढून उभे राहिले. पण ह्यांचं ताट काय सुरेख फिरत होतं! ज्योत जराही हलत नव्हती. आवाजही चढला होता. मला वाटलं, जिंकलं आज.

दुसऱ्या आरतीच्या मध्यावर मनगट किंचित थरथरलं. एवढंसंच. माझ्या रोजच्या सवयीचं. तेवढ्यात ताईंनी झेप घालून कोपर धरलं.

"हळू रे! सांडशील!"

हात थांबला. आणि थांबला तशी थरथर उसळली. निरांजन कलंडलं, तांदूळ उडाले, वितळलेलं तूप अंगठ्यावर ओघळलं. घंटा गप्प झाली. ताईंनी ताट ओढून घेतलं आणि भावजींनी तर कहर केला, फुंकर मारून ज्योत विझवली. देवापुढची ज्योत कुणी तोंडाने विझवतं?

"बघितलंस?" ताई माझ्याकडे वळल्या. "असं करायला लावतेस तू त्याला!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण देवापुढे भांडण नको म्हणून जीभ आवरली आणि फुलवात पुन्हा लावली. उरलेली आरती ताईंनी केली, पीठ चाळल्यासारखी गदागदा. हे बाजूला उभे राहून घंटा वाजवत होते. कापूर पेटवताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी मान फिरवली.

पाहुणे निघाले तेव्हा हे दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता तरी दोन शब्द सुनावतील. म्हणाले, "बरं झालं तू होतीस, ताई. नाहीतर आज कुणाला तरी भाजलं असतं."

दार लावल्या लावल्या मी तोफ डागली. "अहो, त्यांनी कोपर धरलं म्हणून झालं ते! एरवी इतकी वर्षं कधी सांडलंय का?" 

"तू माझी बाजू घेणारच," ते म्हणाले आणि अंगठा पाण्याखाली धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळी तयारी नेहमीसारखी केली. फुलवात लावली, ताट उचललं आणि माझ्यापुढे धरलं. धरलेलं ताट खडखडत होतं.

"ताट घे ना लवकर," ते म्हणाले. "भाजेल तुला."