बारा तारीख की एकतीस

नोकरीला लागणाऱ्यांची माहिती पडताळणाऱ्या एजन्सीचा मेल आला तेव्हा मी काट्यावर होतो. सिंदीला माझं जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कधीकाळी दुसऱ्याच्या जिनिंगमध्ये असाच काट्यावर उभा राहून मी वजनं लिहीत होतो, म्हणून अजूनही दिवसातून दोनदा तिथं जाऊन उभा राहतो. हिशोब पाहणाऱ्या मॅडमनं आतून निरोप पाठवला की, आपल्या जुन्या ग्रेडरबद्दल विचारणा आहे.

जुना ग्रेडर म्हणजे सहा वर्षं माझ्याकडे कापूस पाहणारा माणूस. गाडी आली की त्यानं हात घालायचा, धागा ओढून पाहायचा, मीटर लावून ओल मोजायची आणि मग मी भाव करायचा. आमचं जमलेलं होतं. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीकडच्यांना दाखवायला म्हणून मी त्याला लेटरहेडवर 'व्यवस्थापक' असं लिहून दिलं होतं. ग्रेडर म्हटलं की लोकांना काही कळत नाही, व्यवस्थापक लगेच कळतो. लग्न झालं. पगारपत्रकात तो ग्रेडरच राहिला.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत ऐन हंगामात तो गेला. त्याचं कारण मी कुणाला सांगत नाही, पण इथं लिहितो. एका शेतकऱ्याच्या गाडीचा भाव मी पाडत होतो. ओल आहे म्हणत होतो. आवारात तीसेक गाड्या उभ्या होत्या. मी त्याला म्हटलं, सांग यांना, किती ओल आहे ते. तो मीटर माझ्यासमोर धरून शांतपणे म्हणाला, "भाऊ, ओल नाई. आठ दाखवते."

गाड्या उभ्या असलेले सगळे लोक हसले. तो शेतकरी तर म्हणाला, शेठ, तुमचाच माणूस बोलून राह्यला. मला त्या गाडीला पूर्ण भाव द्यावा लागला आणि मागच्या सगळ्या गाड्यांनाही. मी ऑफिसात येऊन त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं त्याच दिवशी, बारा तारखेला, महिनाअखेर काम सोडतो असा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

तो राग माझा अजून गेलेला नाही. मेल वाचताना माझ्या डोक्यात एकच होतं की, यानं नक्की व्यवस्थापक लिहिलं असणार. लग्नाचं पत्र जोडलं असणार. मी मॅडमला म्हणालो, "पाहा, आता सापडला."

त्याला नागपूरच्या एका मोठ्या सूतगिरणीत खरेदी विभागात नोकरी ठरली होती. मागची माहिती जुळली तरच नेमणूक कायम, असं मेलमध्ये लिहिलं होतं. खाली त्याची सही असलेलं संमतीपत्र होतं. त्याखाली तक्ता: नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, वागणूक, पुन्हा कामावर घ्याल का, शेरा. एका बाजूला त्यानं भरलेली माहिती आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासाठी रिकामी जागा.

मॅडमनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ग्रेडरच लिहिलं आहे त्यानं, भाऊ."

मी दोनदा वाचलं. कापूस ग्रेडर. रुजू झाल्याची तारीखही बरोबर होती. मला काहीच वाटलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

मग मॅडमनं खालची ओळ दाखवली. एजन्सीनं लिहिलं होतं, उमेदवार एकतीस जानेवारी सांगतो, पीएफच्या नोंदीत मात्र बारा जानेवारी आहे. कोणती बरोबर ते शुक्रवारपर्यंत लेटरहेडवर सही-शिक्क्यासह कळवावं, नाहीतर माहिती जुळत नाही असा शेरा जाईल.

म्हणजे सापडला होता. एकोणीस दिवस वाढवून सांगितले होते.

मी म्हणालो, लिहा, बारा जानेवारी. आणि शेऱ्यात लिहा की हा माणूस भरवशाचा नाही, मालकाविरुद्ध जातो.

मॅडम काही टाइप करेनात. त्या माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहेत, मला घाबरत नाहीत. म्हणाल्या, शेरा लिहायचा नसतो, आपण फक्त तारीख अन् पद सांगायचं. तुमचं मत लिहिलं अन् त्याची नोकरी गेली, तर उद्या वकिलाचा कागद तुमच्या नावानं येईल. मी म्हटलं, येऊ द्या. मग त्या उठल्या, कपाटातून त्या वर्षाचं हजेरी रजिस्टर काढलं आणि जानेवारीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

तेरा तारखेला त्याची सही होती. चौदाला होती. रविवार सोडून एकतीसपर्यंत रोज होती, तीच तिरकी, शेवटी बारीक रेघ ओढलेली. मला आठवलं. त्या दिवसांत आम्ही बोलत नव्हतो. तो सकाळी यायचा, गाड्या पाहायचा, आकडे चिठ्ठीवर लिहून काट्यावर ठेवायचा आणि जायचा. महिन्याचा पूर्ण पगारही मीच दिला होता.

"मग पीएफमध्ये बारा काऊन आहे?"

"तुम्हीच सांगतलं होतं, भाऊ. कागद आला त्याच दिवशी म्हणाले, याचं नाव आजपासून काढा. मी भरताना तेच भरलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रजिस्टरकडे पाहत होत्या. बाहेर ट्रॅक्टर मागे घेताना कुणीतरी आणखी मागे, आणखी मागे असं ओरडत होतं.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते लगेच सुचतं. पीएफच्या नोंदीप्रमाणे बारा, एवढंच लिहायचं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रजिस्टर कुणी मागितलं नव्हतं. भाव करताना मी आयुष्यभर हेच केलं आहे, समोरचा जेवढं विचारेल तेवढंच दाखवायचं. मॅडमनाही ते कळत होतं.

चहा आला, तो थंड झाला. काही निर्णय घेतोय असं मला वाटतच नव्हतं. फक्त त्या सह्या मोजत होतो आणि मध्येच चुकत होतो.

शेवटी म्हणालो, एकतीस लिहा. मॅडमनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. सदर व्यक्ती आमच्याकडे अमुक तारखेपासून एकतीस जानेवारीपर्यंत कापूस ग्रेडर या पदावर होती. शेवटची तारीख हजेरीपटावरून पडताळली आहे. पीएफमधील तारीख आमच्या कार्यालयाकडून चुकीची भरली गेली. इतर बाबींवर आम्ही अभिप्राय देत नाही.

'आमच्या कार्यालयाकडून' या शब्दांवर मी थांबलो. त्या म्हणाल्या, असंच लिहितात. मी सही केली, शिक्का मारला. जानेवारीच्या पानाचा फोटोही जोडायला सांगितला, बाकीच्यांची नावं झाकून.

दुसऱ्या दिवशी एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. हिंदीत बोलत होती, गोड आवाज. तारीख मिळाली, धन्यवाद म्हणाली. मग म्हणाली, वागणुकीचा रकाना रिकामा आहे, तोंडी सांगितलं तरी चालेल. माणूस कसा होता? तुम्ही परत घ्याल का?

तीन वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर बायकोला, व्यापाऱ्यांना, ऐकेल त्याला देत आलो होतो. तोंडात ते तयारच होतं. त्याच्या बाजूचं असं दुसरंही एक उत्तर होतं, तेही तेव्हा तोंडाशी आलं. मी दोन्ही दिली नाहीत.

"मॅडम, तारीख और पद लिख दिया है," मी म्हणालो. "उसके आगे हम कुछ नहीं बोलते।"

तिनं ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्या मॅडम शेजारी बसून पीएफची तारीख दुरुस्त कशी करायची ते वाचत होत्या. अर्ज त्याच्याकडून यावा लागतो, मग आपण मंजूर करायचा, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आला तर करून टाका, मला विचारू नका.