दोन गाठींची पिशवी

मी आमच्या अठरा मजली इमारतीची सेक्रेटरी आणि तोंडाने फटकळ. त्या दिवशी तळघरातली सफाईवाली मावशी माझ्या दारात उभी राहिली. तिच्या खांद्याला पट्टी होती आणि हातात माझ्या काचेच्या बरणीचं झाकण.

"अकरावा मजला तुमचाच ना, ताई? पिशवीला दोन गाठी फक्त तुम्हीच मारता."

प्रत्येक मजल्यावरच्या झडपेतून कचरा पाइपात टाकायचा, तो थेट तळघरातल्या डब्यात पडायचा. आम्हाला मोठी सोय वाटायची! डबा बदलताना तळघरात पाइपाचं तोंड बंद करणारी पत्र्याची झडप गंजून अडकली होती. तिची तक्रार माझ्या फायलीत चार महिने पडून होती. मावशी डबा ओढत असताना मी वरून पिशवीत घालून बरणी सोडली, ती तिच्या खांद्यावर आदळली. डोकं थोडक्यात वाचलं.

मी माफी मागितली, अगदी मनापासून. ती म्हणाली, "माफी राहू द्या. पाइप बंद करा. ओल्या पिशव्या वाटेत फुटतात, आत थर चढतो, पाइप चालू असताना तो धुता येत नाही. झुरळं त्यातूनच वर येतात. कुणी खोकं कोंबलं की मी बांबू घेऊन झुंजते."

"मग कचऱ्याचं काय?"

"चाकांचे झाकणवाले डबे द्या. ओला वेगळा, सुका वेगळा. सकाळी सामानाच्या लिफ्टने मी वरून खाली येत दारोदार घेईन. काच वेगळी, कागदात गुंडाळून, हातात."

कमिटीत गदारोळ झाला. लिफ्ट घाण होईल, वास सुटेल. शेवटी महिनाभर करून बघायचं ठरलं. जमलं नाही, तर पाइप पुन्हा सुरू आणि सफाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे. म्हणजे मावशीची नोकरी गेलीच. मी घाबरले, ती मात्र कामाला लागली.

तिसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये कचऱ्याचं पाणी सांडलं आणि खजिनदार तावातावाने धावून आले. मावशीने डब्यांखाली काठाचे ट्रे घातले, फेरी संपली की लिफ्ट पुसायला सुरुवात केली. मी दारोदार फिरून ओला-सुका शिकवत लोकांची डोकी खाल्ली. त्या कलेत मी पटाईत आहे.

महिन्याअखेर खजिनदारांनीच सांगितलं, "घरात झुरळ दिसलं नाही." पाइप धुऊन झाला, झडपा वेल्डिंगने कायमच्या बंद झाल्या. मावशीची नोकरी पक्की झाली.

आता रोज सकाळी बेल वाजते. नऊ वर्षं ती मला माझ्या गाठींवरून ओळखत होती आणि मला तिचा चेहराही धड माहीत नव्हता. आज मी दार उघडलं आणि म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

ती हसली. "मग एवढं करा ताई, गाठ एकच मारा. खांदा अजून दुखतो, पिशवी डब्यात रिकामी करताना दुसरी सुटत नाही."